हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली महिनोन्‌महिने शांत कशी बसते? रासायनिक अभिक्रियेचा 'चढ-उताराचा आलेख' वाचायला शिका

मेडिकलच्या दुकानात मिळणारी हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली तुम्ही पाहिली असेलच. तपकिरी किंवा पांढरी, आतलं न दिसणारी, वर ६% असं लिहिलेलं. त्यातलं द्रव कच्च्या बटाट्याच्या फोडीवर ओतलं की काही सेकंदांत पांढरा फेस वर येतो. तेच द्रव बाटलीत मात्र कपाटात सहा-सहा महिने गप्प पडून राहतं.

दोन्हीकडे होणारी अभिक्रिया एकच आहे बरं का:

2 H₂O₂ → 2 H₂O + O₂

पेरॉक्साइडचे दोन रेणू मोडतात, दोन पाण्याचे आणि एक ऑक्सिजनचा तयार होतो. यात ऊर्जा बाहेर पडते, आणि ती थोडीथोडकी नाही. समीकरणात दाखवलेल्या प्रमाणाला, म्हणजे दोन मोल पेरॉक्साइडमागे, सुमारे १९० किलोज्यूल. म्हणजे पेरॉक्साइडसाठी पाणी होणं हा सरळसरळ उतार आहे. मग बाटलीतलं द्रव कपाटातच घरंगळत खाली का जात नाही? आणि बटाट्याने असं काय केलं?

मी कामाने सॉफ्टवेअरवाला. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला केमिस्ट्री असते, बहुतेक जण ती पास होण्यापुरती करतात आणि विसरतात. पण त्यातला एक आलेख माझ्या डोक्यात पक्का बसला, कारण वरचे दोन्ही प्रश्न तो एकटाच सोडवतो. त्याला एनर्जी प्रोफाइल म्हणतात. आपण मराठीत ऊर्जेचा चढ-उतार म्हणू.

आधी आलेख काढू

एक कागद घ्या. उभ्या अक्षावर ऊर्जा. आडव्या अक्षावर अभिक्रियेची वाटचाल: डावीकडे पेरॉक्साइड, उजवीकडे पाणी आणि ऑक्सिजन.

इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते, म्हणून थांबून सांगतो. आडवा अक्ष म्हणजे वेळ नाही. सायकलिंगच्या ॲपमध्ये राईड संपल्यावर चढ-उताराचा आलेख येतो ना, तसा विचार करा. पुण्याहून मुंबईला गेलात तर सुरुवात साधारण ५६० मीटर उंचीवर, मग लोणावळा-खंडाळ्याला सुमारे ६२० मीटर, आणि मग बोरघाट उतरून थेट समुद्रसपाटीला. तो आलेख रस्त्याचा आकार सांगतो. तुम्ही चार तासांत गेलात की दोन दिवसांत, हे त्यावरून कळत नाही. आपला आलेखही तसाच आहे. अणू एकमेकांपासून कसे लांब जातात, कोणता बंध ताणला जातो, कोणता नवा जुळतो, त्या वाटेवर ऊर्जा किती वर-खाली होते, एवढंच तो दाखवतो.

आता डावीकडे शून्याच्या पातळीला एक छोटी रेघ मारा: पेरॉक्साइड. उजवीकडे १९० खाली दुसरी रेघ: पाणी आणि ऑक्सिजन. मध्ये सरळ उतार काढायचा मोह होईल, पण तसं नसतं. नवे बंध जुळायच्या आधी जुने ताणावे लागतात. पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून बसलेले असतात, त्यांची पकड सैल करायला आधी ऊर्जा घालावी लागते. म्हणून रेघ आधी वर जाते. पाठ्यपुस्तकं या चढाची उंची साधारण ७५ किलोज्यूल प्रति मोल देतात. या चढाला सक्रियण ऊर्जा म्हणतात. तर चित्र असं: शून्यावरून ७५ पर्यंत वर आणि तिथून २६५ खाली.

(उत्प्रेरक नसतानाची ही वाट मी एका टेकडीची काढतोय. खरी वाट इतकी साधी नसते, पण आपल्या मुद्द्याला यामुळे फरक पडत नाही.)

टेकडीच्या अगदी टोकावर जी अवस्था असते तिला संक्रमण अवस्था म्हणतात. अर्धे जुने बंध, अर्धे नवे. ती कुठल्या बाटलीत भरून ठेवता येत नाही. ज्या क्षणी रेणू तिथे पोचतो त्याच क्षणी तो एका बाजूला घसरायला लागतो.

७५ म्हणजे नक्की किती उंच?

नुसता आकडा काही सांगत नाही, म्हणून हिशोब करू. खोलीच्या तापमानाला रेणू सतत एकमेकांवर आदळत असतात. बहुतेक टकरा मवाळ असतात, क्वचित एखादी जोरदार. टेकडी ओलांडण्याइतकी ताकद असलेल्या टकरांचा वाटा साधारणपणे e च्या घाताने मिळतो, हेच अऱ्हेनियसच्या समीकरणाचं सार. स्वांते अऱ्हेनियस हा स्वीडिश शास्त्रज्ञ, त्याने हे १८८९ मध्ये मांडलं. मोबाइलवरच्या कुठल्याही पायथन ॲपमध्ये हे टाकून बघा:

```
import math
RT = 8.314 * 298
print(math.exp(-75000 / RT))
print(math.exp(-56000 / RT))
```

पहिलं उत्तर येतं सुमारे 7e-14. म्हणजे एक कोटी गुणिले एक कोटी टकरांमध्ये जेमतेम सात टकरा कामाच्या. बाटली गप्प बसते ती यामुळे. उतार तर मोठा आहेच, पण उताराच्या आधी जो चढ आहे तो चढायची ताकद जवळजवळ कुणाकडेच नसते. अभिक्रिया शेवटी किती खाली नेते आणि ती किती वेगाने होते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आलेखात त्या दोन वेगळ्या उंच्या म्हणून दिसतात. १९० बघून वेग सांगता येत नाही आणि ७५ बघून किती उष्णता निघेल ते सांगता येत नाही.

दुसऱ्या ओळीतला ५६ कुठून आला, ते आता.

उत्प्रेरक टेकडी कापत नाही, दुसरी वाट काढतो

'उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो पण स्वतः बदलत नाही', ही व्याख्या शाळेत सगळ्यांनी घोकलेली असते. मला ती अर्धवट वाटते. तीवरून असं चित्र उभं राहतं की उत्प्रेरक बाजूला उभा राहून नुसता धीर देतो. प्रत्यक्षात तो मध्ये पडतो, बदलतो, आणि शेवटी पुन्हा मूळ रूपात येतो. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते पोटॅशियम आयोडाइडमध्ये. कॉलेजच्या प्रयोगशाळेत फेसाचा मोठा खांब उडवून दाखवतात, त्यात बऱ्याचदा हेच असतं. पाण्यात विरघळलं की त्यातून आयोडाइड आयन, I⁻, सुटे होतात. मग दोन पायऱ्या घडतात:

H₂O₂ + I⁻ → H₂O + IO⁻

H₂O₂ + IO⁻ → H₂O + O₂ + I⁻

पहिल्या पायरीत आयोडाइड पेरॉक्साइडचा एक ऑक्सिजन स्वतःकडे ओढून घेतो आणि हायपोआयोडाइट, म्हणजे IO⁻, बनतो. दुसऱ्या पायरीत हा IO⁻ दुसऱ्या पेरॉक्साइडला भेटतो, ऑक्सिजन वायू सुटतो आणि आयोडाइड परत मोकळा. दोन्ही ओळींची बेरीज करा. IO⁻ एकीकडे तयार होतो, दुसरीकडे संपतो, म्हणून उडाला. I⁻ दोन्हीकडे आहे, म्हणून तोही उडाला. उरलं काय? 2 H₂O₂ → 2 H₂O + O₂. तेच जुनं समीकरण.

आता हे त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने काढा. सुरुवात तीच, शून्यावर. पहिला चढ ७५ ऐवजी सुमारे ५६ चा. त्यानंतर रेघ खाली येते आणि एका दरीत थांबते. या दरीत IO⁻ राहतो. मग दुसरा, लहानसा चढ, आणि त्यानंतर शेवट. शेवटची रेघ पुन्हा तिथेच, १९० खाली.

दरीतल्या या पदार्थाला मध्यस्थ म्हणतात. टेकडीचं टोक आणि दरी यांत गोंधळ करू नका. टोकावरची अवस्था टिकत नाही, पण दरीतला पदार्थ खराखुरा असतो. त्याला आकार असतो, नाव असतं, आणि पुरेसा जमला तर तो मोजताही येतो. आलेख वाचायची एक सोपी खूण लक्षात ठेवा: जितकी टोकं तितक्या पायऱ्या, आणि टोकांच्या मधल्या दऱ्या म्हणजे मध्यस्थ. इथे दोन टोकं आणि एक दरी.

बऱ्याच पुस्तकांत ही दरी सुरुवातीच्या रेघेपेक्षा वर काढतात, त्यामुळे मध्यस्थ नेहमी वरच्या पातळीवर असतो असा समज होतो. तसा काही नियम नाही. इथे पहिल्याच पायरीत बरीच ऊर्जा बाहेर पडते, त्यामुळे दरी शून्याच्या बरीच खाली येते. महत्त्वाचं हे की दुसरा चढ मोजायचा तो दरीपासून, शून्यापासून नाही. दरीतून वर यायला जितकं लागतं तेवढाच त्या पायरीचा अडथळा. इथे तो लहान आहे, म्हणून IO⁻ तयार होताच पुढे खपतो, साठून राहत नाही. सगळी रखडपट्टी पहिल्या चढावरच.

ही रखडपट्टी पहिल्याच पायरीवर आहे हे कसं कळलं? टेकडी तर कुणी पाहिली नाही. उत्तर साधं आहे: वेग मोजून. आयोडाइड दुप्पट घातलं की ऑक्सिजन निघायचा वेग दुप्पट होतो. पेरॉक्साइड दुप्पट घट्ट घेतलं तरीही वेग दुप्पटच होतो, चौपट नाही. म्हणजे ज्या पायरीवर गाडी अडते तिथे एक आयोडाइड आणि एकच पेरॉक्साइड भेटत असणार. पहिल्या ओळीत नेमकं तेच आहे. दोन पेरॉक्साइड एकदम आदळून हे सगळं होत असतं तर आकडे वेगळे आले असते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं आहे. सिस्टीमच्या आत डोकावता येत नसेल तर इनपुट बदलून किती वेळ लागतो ते बघायचं, अडकलेली जागा सापडते.

आता त्या कोडमधलं दुसरं उत्तर बघा: सुमारे 1.5e-10. पहिल्या उत्तराने भागलं तर साधारण २१४०. म्हणजे चढ फक्त १९ किलोज्यूलने कमी झाला, पाव हिस्सा म्हणा, आणि कामाच्या टकरा दोन हजार पटींहून जास्त झाल्या. हिशोब ढोबळ आहे, कारण दोन वाटांवर रेणूंनी कसं, कोणत्या बाजूने आदळायचं हेही वेगळं असतं, आणि ते या आकड्यात येत नाही. पण अंदाज यायला पुरेसा आहे.

बटाट्यातला उत्प्रेरक आहे कॅटलेज नावाचं एन्झाइम. त्याच्या आत लोहाचा अणू असतो आणि आयोडाइडसारखंच काम तो करतो. एका पेरॉक्साइडकडून ऑक्सिजन घेतो, काही काळ धरून ठेवतो, दुसऱ्या पेरॉक्साइडबरोबर तो सोडून देतो. मध्यस्थ वेगळा, वाट वेगळी, चढ आणखी कमी. आपल्या रक्तातही कॅटलेज असतं, म्हणून जखमेवर पेरॉक्साइड फसफसतं. (फेस येतोय म्हणजे जंतू मरतायत असं नाही. फेस तुमच्याच कॅटलेजमुळे आहे. चांगल्या पेशींनाही त्याचा त्रास होतो, म्हणून साध्या जखमेवर ते उठसूट वापरू नये असं हल्ली डॉक्टर सांगतात.)

शेवट तोच, हे तपासता येतं

ही गोष्ट माझ्या शब्दावर मानू नका. ६% पेरॉक्साइडला बाजारात '२० व्हॉल्यूम' असंही म्हणतात. याचा अर्थ एक मिली द्रवातून २० मिली ऑक्सिजन निघतो. आकडा खरा आहे का? एक लिटरमध्ये ६० ग्रॅम पेरॉक्साइड, म्हणजे सुमारे १.७६ मोल. दोन पेरॉक्साइडमागे एक ऑक्सिजन, म्हणून ०.८८ मोल वायू. शून्य अंश तापमानाला एक मोल वायू २२.४ लिटर जागा घेतो, म्हणजे झाले जवळपास २० लिटर. बरोबर.

तर पाच मिली पेरॉक्साइडमधून शंभर मिलीच्या आसपास ऑक्सिजन निघणार, आपल्याकडच्या उन्हाळ्यात थोडा जास्त. एका भांड्यात बटाट्याची एक फोड टाका, दुसऱ्यात तीन, आणि नळीने वायू पाण्यावर उलट्या धरलेल्या मापात गोळा करा. मोबाइलच्या टायमरने दर दहा सेकंदांनी आकडा लिहा. तीन फोडींची रेघ झपकन वर जाईल, एका फोडीची सावकाश. पण दोन्ही शेवटी एकाच उंचीवर सपाट होतील. (या दुसऱ्या आलेखात मात्र आडवा अक्ष वेळेचाच आहे.) वेग ठरवतो चढ, आणि एकूण किती हे ठरवतं सुरुवातीचं पेरॉक्साइड.

उष्णतेचंही तसंच. ६% द्रव झपाट्याने पूर्ण मोडलं आणि उष्णता बाहेर गेली नाही, तर ते सुमारे ४० अंशांनी तापू शकतं. कपाटात तीच उष्णता महिनोन्‌महिने थोडी-थोडी निघते आणि हवेत जाते, म्हणून जाणवत नाही. बटाट्याने जास्तीची उष्णता आणलेली नसते.

प्रयोग फसण्याची एक हमखास जागा आहे. कधी एका फोडीची रेघ शंभरच्या बरीच खाली सपाट होते. बघणाऱ्याला वाटतं, उत्प्रेरक कमी म्हणून पदार्थही कमी तयार झाला. तसं नसतं. कॅटलेज हे प्रोटीन आहे, आणि पेरॉक्साइडमुळे तेच खराब होतं. वाट बंद पडलेली असते, पेरॉक्साइड अजून शिल्लक असतं. ओळखायचं कसं? त्याच भांड्यात ताजी फोड टाका. पुन्हा फेस आला तर पेरॉक्साइड उरलं होतं. आणि तुलनेसाठी एक उकडलेली फोडही टाकून बघा. उकडल्यावर एन्झाइमची घडी मोडते, त्यामुळे फेस जवळपास येतच नाही. बटाटा तोच, वाट मात्र गेली.

आयोडाइडच्या बाबतीत फसगत वेगळी. द्रावण आम्लधर्मी असेल तर फेस कमी येतो आणि रंग तपकिरी होतो. तो रंग आयोडीनचा. म्हणजे आयोडाइड परत मोकळं न होता खर्ची पडतंय. अशा वेळी ते उत्प्रेरक राहत नाही, ते कच्चा माल झालं, आणि आपण वेगळीच अभिक्रिया बघतोय, जिचा शेवटही वेगळा. 'उत्प्रेरकाने तयार होणारे पदार्थ बदलत नाहीत' हे वाक्य एका ठरावीक अभिक्रियेपुरतं खरं आहे. एकाच पदार्थापुढे दोन-तीन वेगवेगळे शेवट शक्य असतील, तर त्यातली कुठली वाट सोपी होते त्यावरून हाती काय जास्त पडेल ते नक्की बदलू शकतं.

एक शंका इथे नेहमी येते: मग उत्प्रेरक घालून पाणी आणि ऑक्सिजनचं परत पेरॉक्साइड करता येईल का? आलेख उजवीकडून वाचा. उलट जायला आधी १९० चढायचे आणि वर आणखी ७५, म्हणजे २६५. आयोडाइडच्या वाटेने सगळ्यात उंच टोक ५६ वर, म्हणजे १९० अधिक ५६, २४६. दोन्ही दिशांनी चढ नेमका १९ नेच कमी झाला. दोन्ही टोकांच्या पातळ्या उत्प्रेरकाच्या हातात नसतात, त्यामुळे अभिक्रियेचा कल कुठे आहे तेही तो फिरवू शकत नाही.

मग बाटलीत काय घालतात?

बाटलीत बऱ्याचदा किंचित स्टॅबिलायझर घातलेला असतो, उदाहरणार्थ फॉस्फेट. नावावरून वाटतं की तो टेकडी उंच करत असेल. तसं नाही. द्रवात लोह, तांबं, मँगनीज असले धातू अगदी नगण्य प्रमाणात जरी शिरले तरी ते सोपी वाट उघडतात. स्टॅबिलायझर या धातूंना बांधून ठेवतो, म्हणजे सोप्या वाटेचं दार बंद करतो. मागे उरते ती मूळची ७५ च्या आसपासची टेकडी. प्रकाशानेही बंध तुटतात, म्हणून आतलं न दिसणारी बाटली.

वापरलेला कापूस बाटलीत बुडवू नये, की वाटीत उरलेलं द्रव परत बाटलीत ओतू नये, ते याचसाठी. कापसावरचा रक्ताचा एक थेंबही कॅटलेज घेऊन आत जातो, आणि तो एकदा वापरून संपत नाही. एकच रेणू सेकंदाला लाखो पेरॉक्साइड मोडू शकतो. शंभर मिलीच्या बाटलीतून एकूण दोन लिटर ऑक्सिजन निघू शकतो, आणि झाकण घट्ट असेल तर त्याला जागाच नाही. बाटली फुगलेली दिसली तर तोंड आपल्यापासून लांब धरून झाकण हळूहळू सैल करा आणि ती वापरू नका. वरचा प्रयोग करतानाही भांडं उघडंच ठेवा, किंवा वायू बाहेर पडायला नळी मोकळी असू द्या. डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि हे सगळं मेडिकलमधल्या ६% पर्यंतच. कारखान्यात वापरतात ते ३० किंवा ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड घरी आणू नका. त्यात तीच टेकडी आणि तोच उतार असतो, पण निघणारी उष्णता जायला आजूबाजूला पुरेसं पाणी नसतं. द्रव तापलं की जास्त रेणू टेकडी ओलांडतात, त्याने ते आणखी तापतं, आणि मग ते थांबवणं आपल्या हातात राहत नाही.